डिपॉझिटचा वाद कोर्टात जाण्याआधी: दोघांच्या ओळखीच्या माणसाला मध्यस्थ करायचं तर कसं

घर सोडून सात आठवडे झाले होते. घरमालक काकांचा शेवटचा मेसेज एवढाच होता, "खर्च वजा करून उरेल ते देतो." किती उरेल, कधी देणार, काहीच नाही. वकिलाच्या नोटिशीचा मसुदा माझ्याकडे तयार होता. ती पाठवायच्या आधी मी काकांना सुचवलं की आपण दोघंही ज्यांना मानतो त्या सरांसमोर एकदा बसू. बैठक झाली, पैसे मिळाले. पण त्याआधी मी एक माणूस चुकीच्या पद्धतीने मध्ये घातला होता आणि तो दरवाजा कायमचा बंद करून घेतला होता. त्यामुळे दोन्ही बाजू सांगते.

एक गोष्ट सुरुवातीलाच. मानाचा माणूस मिळाला की प्रश्न सुटला असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. अशा बैठकीत भाडेकरूचे पैसे सगळ्यात जास्त एका वाक्यावर जातात, "जाऊ दे, अर्धं-अर्धं करा आणि मोकळे व्हा." हे वाक्य बोलणारा माणूस भला असतो आणि त्याच्यासमोर नाही म्हणणं जड जातं. म्हणून बैठकीची खरी तयारी म्हणजे हे वाक्य येईल तेव्हा तुमच्या हातात बाबवार हिशेब असणं.

आकडे कसे वाचायचे

रकमा सगळीकडे वेगळ्या असतात, म्हणून या लेखात एका महिन्याचं भाडं 10 धरते. माझं डिपॉझिट सहा महिन्यांच्या भाड्याएवढं होतं, म्हणजे 60. तुमची रक्कम त्याच प्रमाणात बसवून पाहा.

आधी यादी मागा, मग माणूस शोधा

मध्यस्थाकडे जाण्याआधी घरमालकाकडून वजावटीची लेखी यादी मिळवा: कोणत्या बाबीचे किती आणि बिल असेल तर त्याचा फोटो. यादी नसेल तर बैठकीत मागण्या वाढत जातात. आज रंग, अर्ध्या तासाने नळ, उठताना पडद्याचा रॉड. मागणीचा मेसेज साधा ठेवा: "काका, कशाकशाचे किती कापताय ते बाबवार कळवाल का? म्हणजे मला माझ्या बाजूने तपासता येईल." मला चार दिवसांनी यादी आली. रंगाचे 20, नोटीस पिरियडचे 10, ओट्याखालच्या कपाटाचे 8, गीझरचे 6, सफाईचे 4, शेवटच्या लाइटबिलाचे 2. एकूण 50. म्हणजे 60 मधले 10 परत.

यादी हातात आली की एका कागदावर प्रत्येक बाबीसमोर स्वतःचं म्हणणं लिहा, आणि इथे स्वतःशी प्रामाणिक राहा. लाइटबिल माझंच होतं. नोटीस एका महिन्याची द्यायची होती, मी पंधरा दिवसांची दिली, म्हणून 5 मला मान्य होते, 10 नाही. बाकी चारही बाबी मी तेव्हा अमान्य केल्या होत्या. माझ्या हिशेबाने 7 वजा होऊन 53 परत यायला हवे होते.

त्या कागदासोबत पुरावे लावा, पण ढीग नको. अॅग्रीमेंटमधली डिपॉझिट, नोटीस आणि दुरुस्तीची कलमं, डिपॉझिट दिल्याची बँकेतली नोंद, घरात शिरताना आणि सोडताना काढलेले फोटो, किल्ल्या परत दिल्याचा मेसेज, आणि दुरुस्तीबद्दल वेळोवेळी केलेले मेसेज. फोटो ज्या मोबाइलवर काढले त्यातच मूळ स्वरूपात राहू द्या. पुढे पाठवलेल्या फोटोतून तारखेची नोंद बऱ्याचदा निघून जाते. किल्ल्या दिल्याचं लेखी काही नसेल तर आजच एक मेसेज टाका: "अमुक तारखेला तीनही किल्ल्या तुमच्याकडे दिल्या, त्याची नोंद म्हणून लिहिते." घर अजून सोडलं नसेल तर किल्ल्या अडवून ठेवू नका. किल्ल्या तुमच्याकडे असेपर्यंत घर तुमच्या ताब्यात आहे असं धरून समोरचा भाडं लावत राहू शकतो.

माणूस कोणता

ओळखीच्या यादीतून माणूस निवडताना मी तीन प्रश्न विचारते. एक, घरमालक या माणसाचा फोन उचलेल का, आणि तोही संकोचाने नव्हे तर आदराने? दोन, निकाल कसाही लागला तरी या माणसाचं काही बिघडतं किंवा साधतं का? तीन, त्याच्या पोटात गोष्ट राहते का?

या प्रश्नांवर घर मिळवून देणारा एजंट सहसा बाद होतो, कारण त्याला पुढचा भाडेकरूही त्याच मालकाकडे द्यायचा असतो. इमारतीच्या कमिटीवरचा माणूस दुसऱ्या प्रश्नावर अडखळतो. तुम्ही निघून गेलात, तो मालकाबरोबर रोज लिफ्टमध्ये असणार. तुमचा ऑफिसमधला साहेब किंवा मालकाचा कर्जदार मित्र चालत नाही. ज्याचं ज्याच्यावाचून अडतं, तो त्याच्यासमोर मोकळं बोलत नाही. आणि एक माणूस लोक हमखास निवडतात पण टाळायला हवा: घरातला सगळ्यांत मोठ्या आवाजाचा मामा. त्याला दोघं मानत नाहीत, दोघं घाबरतात.

आमच्या बाबतीत सर निवृत्त गणिताचे शिक्षक होते. काकांच्या मुलाला त्यांनी शिकवलं होतं आणि माझ्या आईबरोबर त्याच शाळेत ते बरीच वर्षं नोकरीला होते. दोन्हीकडे धागा जवळपास सारख्या जाडीचा. धागा एका बाजूला जास्त जाड असेल तर तो लपवू नका, प्रस्तावातच सांगा. नंतर कळलं तर सगळी बैठक संशयात जाते.

त्यांना विचारताना गोष्ट सांगू नका

माझी पहिली चूक इथे झाली. सरांच्या आधी मी शेजारच्या एका काकूंकडे गेले होते. त्यांना मी अर्धा तास सगळं सांगितलं, मेसेज दाखवले, रडकुंडीला आले. त्यांना माझी दया आली आणि त्याच संध्याकाळी त्यांनी घरमालकांना फोन लावला: "अहो, त्या पोरीचे पैसे द्या की." काकांनी त्यांना नीट उत्तर दिलं, पण मला मेसेज आला, "माझी बदनामी सुरू केलीस तू." काकूंचं चुकलं नव्हतं. मी त्यांना मध्यस्थ करण्याऐवजी माझी बाजू मांडणारी करून टाकलं होतं.

सरांकडे गेले तेव्हा एवढंच बोलले: "सर, माझा आणि घरमालक काकांचा डिपॉझिटबद्दल मतभेद आहे. तुमच्यासमोर आम्ही दोघांनी बसून बोलावं असं मला वाटतं. काका हो म्हणाले तरच. तुम्ही निर्णय द्यावा अशी अपेक्षा नाही, फक्त बोलणं वळणावर ठेवायचं. साधारण दोन तास लागतील. आत्ता मी काहीच सांगत नाही, म्हणजे काकांना वाटायला नको की मी आधीच तुमचे कान भरले." सर म्हणाले, "बरं झालं सांगितलं नाहीस. त्याला विचार, मग दोघं मिळून मला फोन करा."

याच भेटीत आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. बोलणी फिसकटली आणि प्रकरण कोर्टात गेलं तर तुम्ही त्यांना साक्षीला ओढणार नाही, हे शब्द द्या. चांगली माणसं नकार देतात त्याचं बऱ्याचदा हेच कारण असतं. आणि त्यांना स्पष्ट विचारा की नाही म्हणावंसं वाटतंय का. संकोचाने हो म्हटलेला माणूस बैठक लवकर संपवायला बघतो, आणि लवकर संपवायचा सोपा रस्ता म्हणजे अर्धं-अर्धं.

मध्यस्थ आणि लवाद यातला फरक

मध्यस्थ निर्णय देत नाही. लवाद देतो, आणि तो रीतसर नेमलेला असेल तर त्याचा निर्णय दोघांना बांधतो. हा फरक पुस्तकी वाटतो, पण "सर जे सांगतील ते आम्हा दोघांना मान्य" असं एखादं वाक्य भावनेच्या भरात लिहून सही केलीत तर तुम्ही मध्यस्थी सोडून दुसऱ्याच वाटेवर गेलात. सरांना बांधकाम किंवा कायदा कळतो म्हणून आपण त्यांना बोलावलेलं नाही, दोघं त्यांच्यासमोर नीट बोलतील म्हणून बोलावलं आहे. तेवढंच काम त्यांच्याकडे द्या.

घरमालकाला प्रस्ताव

प्रस्ताव लेखी पाठवा, आणि त्यात वकील, कोर्ट, पोलीस यातला एकही शब्द नको. नोटीस पाठवायची असेल तर ती वेगळी आणि नंतर. दोन्ही एकाच कागदात आलं की माणूस फक्त धमकी वाचतो. मी पाठवलेला मेसेज असा होता:

"काका, नमस्कार. घर रिकामं करून किल्ल्या दिल्यापासून सात आठवडे झाले. तुमची यादी मिळाली. लाइटबिल आणि नोटिशीतले कमी पडलेले पंधरा दिवस मला मान्य आहेत. नोटिशीची उरलेली रक्कम, रंग, कपाट, गीझर आणि सफाई यावर आपलं जमत नाही. यावर आपण दोघांनी सरांसमोर एकदा बसावं असं मला वाटतं. सरांची आणि माझ्या आईची शाळेपासूनची ओळख आहे हे तुम्हाला माहीत आहेच. त्यांना मी फक्त वेळ विचारली आहे, प्रकरण सांगितलेलं नाही. त्यांच्याऐवजी तुम्हाला दुसरं कोणी योग्य वाटत असेल तर नाव सुचवा. ते निर्णय देणार नाहीत. ठरलं तर आपण लिहून सही करू, नाही ठरलं तर कोणीच बांधील नाही. हे बोलणं तडजोडीपुरतं राहील, दोघांचेही हक्क अबाधित राहतील. येत्या दहा दिवसांत तुम्हाला सोयीची वेळ कळवाल का? तुमच्या हिशेबानेही 10 मला येणं आहेच, तेवढे आधी पाठवलेत तर बरं होईल. ती रक्कम मी अंशतः जमा धरेन."

यातल्या प्रत्येक वाक्याला काम आहे. मान्य बाबी आधी लिहिल्या, कारण त्यामुळे समोरच्याला कळतं की ही सगळंच नाकारणारी नाही. दुसरं नाव सुचवायची मोकळीक दिली, कारण "तो तुझा माणूस" हा आक्षेप मग टिकत नाही. दहा दिवस लिहिले, कारण मुदत नसलेल्या प्रस्तावाला उत्तर येत नाही. आणि "अंशतः जमा" हे शब्द मुद्दाम आहेत. काही वेळा घरमालक थोडी रक्कम पाठवून सोबत लिहितो, "सगळा हिशेब मिटला." त्यावर गप्प राहिलात तर नंतर ते तुमच्याविरुद्ध वाचलं जाऊ शकतं. लगेच उत्तर द्या की रक्कम अंशतः जमा धरली आहे, बाकी येणं बाकी आहे.

"हक्क अबाधित" या शब्दांचा अर्थही समजून घ्या. तडजोडीसाठी एखादी गोष्ट सोडायची तयारी दाखवलीत तर ती उद्या कबुली म्हणून तुमच्यासमोर ठेवली जाऊ नये, हा त्यांचा हेतू आहे. बऱ्याच देशांतली न्यायालयं अशा स्पष्ट अटीवर झालेलं तडजोडीचं बोलणं पुरावा म्हणून घेत नाहीत. पण या शब्दांच्या आडून काहीही लिहिता येतं असं नाही. मेसेजमध्ये रागाने लिहिलेली शिवी किंवा धमकी त्यांनी झाकली जात नाही.

दिवस मोजत राहा

गप्पा सुरू आहेत म्हणून कोर्टात जाण्याची मुदत आपोआप थांबते असं समजू नका. भारतात पैशाच्या अशा वसुलीला 1963 च्या मुदत कायद्याखाली साधारण 3 वर्षं मिळतात, इतरत्र मुदत वेगळी असते आणि काही ठिकाणी खूपच कमी. घरमालकाने मुदतीच्या आत सहीनिशी लेखी कबूल केलं की "इतकी रक्कम देणं आहे", तर भारतात तिथून मुदत नव्याने मोजली जाते. तोंडी "देतो, देतो" ला तो मान नाही. मुदत संपायला थोडे महिनेच उरले असतील तर आधी वकिलाला भेटा, मध्यस्थीचं त्यानंतर. मला वेळ भरपूर होता, तरी मी कॅलेंडरवर खूण केली होती: प्रस्तावापासून दहा दिवसांत उत्तर, तीस दिवसांत बैठक, नाही तर नोटीस.

काकांचं उत्तर आठव्या दिवशी आलं. "सर चालतील. पण माझ्या घरी नको, तुझ्या घरीही नको." हे फार चांगलं उत्तर होतं, कारण ते अटीवर बोलत होते, नकारावर नाही. उत्तर आलंच नाही तर मुदत संपल्यावर एकच आठवण पाठवा आणि थांबा. तोच प्रस्ताव चौथ्यांदा पाठवणाऱ्याकडे दुसरा काही मार्ग नाही, असं समोरच्याला वाटायला लागतं. प्रस्ताव आणि त्याला आलेली शांतता, दोन्ही जपून ठेवा. आपण आधी समजुतीचा प्रयत्न केला होता हे पुढे दाखवता येतं.

बैठक

आम्ही सरांच्या घरी बसलो. सोबत कोणी आणायचं नाही हे आधीच ठरलं होतं. नवरा, भाऊ, सून अशी माणसं आली की प्रत्येकाला आपल्या माणसासमोर हरायचं नसतं.

मी यादीच्या तीन प्रती नेल्या होत्या. सरांनी त्या पाहिल्या, आणि आधी ज्यावर वाद नाही ते बाजूला काढलं. लाइटबिलासमोर बरोबरची खूण. नोटिशीवर पाच मिनिटं गेली. कलम वाचलं, माझ्या मेसेजची तारीख पाहिली, पंधरा दिवस कमी, म्हणून 5. दोन खुणा झाल्यावर खोलीतलं वातावरण बदललं. तुमच्या बैठकीतही हाच क्रम आग्रहाने सुचवा, कारण सगळ्यात मोठ्या बाबीपासून सुरुवात झाली की तिथेच भांडण होतं आणि बाकीचं राहून जातं.

मग रंग. काका म्हणाले, सगळं घर रंगवावं लागलं, पोरांनी भिंती रंगवून ठेवल्या होत्या. मी फोटो दाखवले. मुलीच्या खोलीत क्रेयॉनचे पट्टे आणि स्टिकर काढताना निघालेले रंगाचे पोपडे होते, ते मी नाकारू शकत नव्हते. बाकी खोल्यांत खिळ्यांची भोकं आणि कपाटामागचा फिका चौकोन, म्हणजे तीन वर्षं माणसं राहिल्याच्या खुणा. इथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात आणि ते वेगळे केले की अर्ध्याहून अधिक वाद विरतो. पहिला, ही नेहमीच्या वापराची झीज आहे की नुकसान? झीज मालकाची, नुकसान भाडेकरूचं. दुसरा, नुकसान झालेली वस्तू किती जुनी होती? तीन वर्षं वापरलेल्या रंगाच्या बदल्यात कोरा रंग मागणं म्हणजे मालकाला तीन वर्षं फुकट देणं.

काकांनीच सांगितलं की ते पाच वर्षांनी रंग काढतात. मग सरांनी कागदावर मांडलं: चार खोल्यांचे 20, एका खोलीचे 5, पाचातली दोन वर्षं उरलेली, म्हणून 2. काका बराच वेळ त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "हे असं कोणी सांगितलंच नव्हतं."

कपाटाचं मात्र माझ्यावर आलं. सिंकखालचा पाइप गळत होता आणि कपाटाचा तळ फुगून त्याचे थर सुटले होते. मी काकांना मेसेज केला होता, प्लंबर अकरा दिवसांनी आला. पण मला ओल दिसल्यापासून मेसेज करेपर्यंतही दोन आठवडे गेले होते, आणि सरांनी नेमकं तेच विचारलं. मी खरं सांगितलं. कपाट सहा वर्षांचं, आयुष्य दहा वर्षं धरलं, म्हणून 8 मधले उरले 3.2. उशीर दोघांचा, म्हणून निम्मे, 1.6. पूर्णांक करून 2, काकांच्या बाजूने. तिथे मी ताणलं नाही. स्वतःची चूक कबूल केली की पुढच्या बाबीवर तुमचा शब्द जड होतो.

गीझर नऊ वर्षांचा होता आणि त्याची कॉइल गेली होती, म्हणून शून्य. सफाईला बिल नव्हतं, पण मी बाल्कनीत जुनी गादी आणि कुंड्या सोडून गेले होते, म्हणून 1.

| बाब | काकांची मागणी | ठरलं |
|---|---|---|
| रंग | 20 | 2 |
| नोटीस | 10 | 5 |
| कपाट | 8 | 2 |
| गीझर | 6 | 0 |
| सफाई | 4 | 1 |
| लाइटबिल | 2 | 2 |
| एकूण | 50 | 12 |

परत येणं 48.

ते वाक्य मध्येच, रंगाच्या वेळी आलं होतं. सरच म्हणाले, "हे बघा, दोघं थोडं थोडं सोडा, मधे कुठेतरी या." काका 10 देत होते, मी 53 मागत होते. मधोमध म्हणजे साडेएकतीस. मी म्हटलं, "सर, तुमचा शब्द मोडायचा नाही. फक्त आपण आधी एकेक बाब पाहू या का? शेवटी जे राहील त्यात मी थोडं सोडीन." सर लगेच मान्य झाले. मधोमध गाठलं असतं तर मी साडेसोळा, म्हणजे दीड महिन्याहून जास्त भाडं, सोडून आले असते. मधोमधचा न्याय ज्याने मागणी जास्त फुगवली त्याच्या बाजूने झुकतो. तुम्ही प्रामाणिकपणे मान्य बाबी आधीच वजा केलेल्या असतात, म्हणून तो तुम्हालाच महाग पडतो.

पैसे आहेत का, हा वेगळा प्रश्न

48 ठरल्यावर काका गप्प झाले. सरांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि त्यांच्याशी एकट्याने दहा मिनिटं बोलले. त्यानंतर कळलं की माझं डिपॉझिट कधीच खर्च झालं होतं. सात आठवड्यांची टाळाटाळ मला लबाडी वाटली होती, ती बरीचशी अडचण होती. हे काका माझ्यासमोर कधीही बोलले नसते. ओळखीचा, मानाचा माणूस मध्ये घेण्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला इथे दिसला. म्हणून मध्यस्थाला दोघांशी वेगवेगळं बोलायची मोकळीक आधीच द्या, आणि त्यांनी आत ऐकलेलं बाहेर सांगायची सक्ती करू नका.

ठरलं ते असं: 24 त्याच दिवशी, 24 तीस दिवसांत.

उठण्याआधी लिहा

तोंडी ठरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला वेगळं आठवतं. आम्ही सरांच्या टेबलावर हाताने एक पान लिहिलं आणि दोन प्रतींवर सह्या केल्या. त्यात घराचा पत्ता, दोघांची नावं, डिपॉझिटची मूळ रक्कम, वरचा तक्ता, दोन हप्त्यांच्या तारखा आणि ज्या खात्यात पैसे यायचे त्याचा तपशील होता. दोन वाक्यं मी विचार करून घेऊन गेले होते:

"दोन्ही हप्ते मिळाल्यावरच या घराच्या डिपॉझिटबद्दल दोघांचे एकमेकांवरील सर्व दावे संपतील."

"दुसरा हप्ता ठरल्या तारखेपर्यंत न मिळाल्यास भाडेकरूने दिलेली सूट रद्द होईल आणि मिळालेली रक्कम वजा करून मूळ मागणी कायम राहील."

दुसऱ्या वाक्याचा अर्थ आमच्या आकड्यांत असा: हप्ता चुकला तर मी 24 नव्हे, 53 मधून 24 वजा करून 29 मागू शकत होते. हे नसतं तर कमी रकमेला कबूल होऊनही मला पुन्हा वसुलीला निघावं लागलं असतं. सह्या करताना "सर्व रक्कम मिळाली" असं कुठेही लिहू नका, ते पैसे पूर्ण आल्यावर.

सरांनी साक्षीदार म्हणून सही केली, तीही त्यांनी स्वतःहून म्हटलं म्हणून. तुमचे मध्यस्थ नको म्हणाले तर आग्रह धरू नका, दोघांच्या सह्या पुरेशा असतात. असं पान म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे, त्यावर थेट वसुली होत नाही. पण प्रकरण पुढे गेलंच तर रंगाचे किती आणि गीझरचे किती हा वाद पुन्हा काढण्याऐवजी फक्त "ठरलं होतं आणि दिलं नाही" एवढंच सिद्ध करायचं राहतं. रक्कम मोठी असेल तर सही करण्याआधी वकिलाला एकदा दाखवा, त्यात वावगं काही नाही, आणि तसं समोरच्याला आधी सांगितलंत तर अविश्वासही वाटत नाही.

कुठे हा मार्ग घेऊ नये

घरमालकाने सामान अडवलं असेल, अंगावर येऊन बोलला असेल, किंवा तुम्ही एकट्या असताना त्याच्यासमोर बसायची भीती वाटत असेल तर मध्यस्थाच्या भिडेने तो धोका जात नाही. तिथे सरळ कायद्याचा रस्ता. बिलं खोटी आहेत असा तुमच्याकडे पुरावा असेल तरी तो या बैठकीत उघड करून समोरच्याला सावध करण्याआधी वकिलाशी बोला. आणि यादीच द्यायला जो तयार नाही, त्याच्यासाठी कोणाही भल्या माणसाची दोन तासांची संध्याकाळ खर्च करू नका.

बैठक फिसकटली तरी त्याच दिवशी घरमालकाला एक छोटा मेसेज पाठवा: "आज बसलो, ठरलं नाही, वेळ दिलात त्याबद्दल आभार." कोण काय बोललं ते त्यात नको. मध्यस्थांना वेगळा फोन करून आभार माना, आणि त्यांनी काय मत बनवलं ते विचारू नका.

माझ्या दुसऱ्या हप्त्याच्या चार दिवस आधी मी काकांना तारखेची आठवण केली, फक्त तारीख आणि खात्याचा तपशील. पैसे एक दिवस उशिरा आले. त्या एका दिवसासाठी मी 29 मागितले नाहीत. पैसे जमा झाल्यावर लिहून पाठवलं: "डिपॉझिटचे ठरलेले 48 पूर्ण मिळाले, या घराबाबत माझं काही येणं राहिलं नाही." त्याची एक प्रत सरांनाही.